घड्याळ दिसलं तर थांबा, लाल खूण दिसली तर बोट लावा

*लालबागला माझं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. पाडव्याच्या आदल्या सकाळी दादर स्टेशनवरून डेअरीवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘२ किलो चक्का पाठवा’ असं लिहिलं. बाजूला घड्याळ आलं, ते हलेना. म्हणून परत लिहिलं, मग आणखी एकदा. दुपारी तो सहा किलो चक्का घेऊन दारात! त्याच दिवशी ग्रुपवर टाकलेल्या मेनूच्या फोटोवर लाल खूण आली, ती अजून तशीच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा भरवसा उडाला म्हणून सुट्टीचा निरोप चाळीस गिऱ्हाइकांना साध्या एसएमएसने पाठवला, तर तीसेक जणांना गेला आणि पुढच्या सगळ्यांपुढे लाल खूण. भाचा म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅप काढून परत टाक. टाकू का?*
*— पोळी-भाजीवाली, लालबाग*

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नका टाकू. व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकलं की शेवटच्या बॅकअपनंतरचं सगळं जातं. बॅकअप चालू आहे की नाही हे बहुतेकांना ठाऊकही नसतं, आणि तुमचा तर धंदाच त्या चॅटमध्ये आहे. शिवाय तुम्ही सांगितलेल्या तिन्ही भानगडींत व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बिघाड असा काही दिसत नाही. भाच्याला म्हणावं, फोन बंद करून चालू करण्यापर्यंत तुझं राज्य, त्यापुढे नाही.

आता घड्याळाकडे येऊ. तुमच्याच भाषेत सांगते. घड्याळ म्हणजे डबा भरलाय, पण अजून तुमच्याच ओट्यावर आहे, डबेवाला आलेला नाही. एक राखाडी टिक म्हणजे डबेवाल्याने उचलला, म्हणजे संदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर पोचला. दोन राखाडी टिका म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला, आणि त्या निळ्या झाल्या की त्याने उघडून वाचला. (निळ्या टिका ज्याने बंद करून ठेवल्या आहेत त्याच्याकडे वाचूनही त्या राखाडीच राहतात, तो वेगळा विषय.)

यातून एक सरळ गोष्ट निघते, जी फार जणांच्या लक्षात येत नाही. घड्याळाचा समोरच्या माणसाशी काही संबंध नाही. त्याचा फोन बंद असेल, तो गावाला गेला असेल, अगदी त्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल, तरी तुमच्याकडे एक टिक येतेच, कारण सर्व्हरपर्यंत संदेश जातोच. घड्याळ अडलं म्हणजे अडचण तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये कुठेतरी आहे. त्यामुळे डेअरीवाल्याला फोन करून ‘तुमचं व्हॉट्सअ‍ॅप बंद आहे का’ असं विचारण्यात अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ असलेला संदेश रद्द झालेला नसतो, तो रांगेत उभा असतो. फोनला इंटरनेट मिळालं की अ‍ॅप तो स्वतःहून पाठवतं, तुम्ही काही करायची गरज नाही. तुमच्या चक्क्याचं नेमकं हेच झालं. पहिला संदेश रांगेत उभा होता. तुम्ही दुसरा लिहिलात, तो त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. मग तिसरा. नेट आल्याबरोबर तिन्ही एकामागोमाग गेले. डेअरीवाल्याच्या दृष्टीने बघा, ऐन पाडव्याच्या धांदलीत एकाच गिऱ्हाइकाच्या तीन ऑर्डरी, प्रत्येकी दोन किलो. पाडव्याला श्रीखंडाचा खप असा असतो की सहा किलोत त्याला काही वावगं वाटलं नसणार.

इथे अ‍ॅपच्या पोटात काय चालतं ते थोडं सांगते, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. तुम्ही बाण दाबला की त्या संदेशाला एक ओळख क्रमांक मिळतो, जो तुम्हाला दिसत नाही. नेट अडखळलं आणि अ‍ॅपने तोच संदेश पुन्हा पुढे ढकलला तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे तो एकच संदेश आहे हे कळतं आणि समोर एकदाच दिसतो. पण तुम्ही तीच ओळ पुन्हा टाइप केलीत किंवा कॉपी करून चिकटवलीत की तो नवा क्रमांक असलेला नवा संदेश झाला. मजकूर सारखा आहे म्हणून तो कोणी गाळत नाही. म्हणून घड्याळ दिसलं की नवीन काही लिहायचं नाही, आणि तातडीचं असेल तर सरळ फोन लावायचा. फोन लावलात तर मात्र रांगेतला संदेश आधी काढून टाका. त्यावर बोट दाबून धरा आणि डिलीट करा. घड्याळ असतानाच काढलेला संदेश सहसा बाहेर पडत नाही. क्वचित असं होतं की संदेश निसटलेला असतो आणि ‘पोचला’ ही पावतीच तेवढी तुमच्याकडे यायची राहिलेली असते. म्हणून फोनवर बोलताना ‘मागून मेसेज आला तर तो हाच, वेगळा धरू नका’ एवढं सांगून ठेवा.

तिन्ही संदेश गेल्यावर तुमच्या लक्षात आलं असतं तर? तेव्हाही वेळ होता. गेलेला संदेश दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो आणि पहिल्या १५ मिनिटांत दुरुस्तही करता येतो. नंतरचे दोन काढून टाकले असते तर चार किलो चक्का वाचला असता. अर्थात डेअरीवाल्याने तो आधीच वाचून माल भरायला घेतला असेल तर फोनच करावा लागला असता.

आता दादर स्टेशनवर घड्याळ अडलं का? माझा अंदाज सांगते, तुम्ही पडताळून बघा. मुंबईतल्या बऱ्याच स्टेशनांवर रेल्वेचं फुकट वायफाय आहे. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून ते सुरू झालं. त्यात पहिल्यांदा मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो, आणि फुकट वेळही ठरावीकच मिळते. तुम्ही कधीतरी त्याला जोडलं असणार. फोन ते लक्षात ठेवतो आणि स्टेशनात शिरलात की विचारल्याशिवाय त्याला चिकटतो. वरती वायफायच्या रेघा भरलेल्या दिसतात, पण फुकट वेळ संपलेली असते किंवा लॉगिन व्हायचं राहिलेलं असतं, आणि आत इंटरनेट शून्य. काही फोन हे ओळखून आपोआप मोबाइल डेटावर येतात, काही बसून राहतात. पुलावरून चालत बाहेर निघालात तर आणखी गंमत. वायफाय एका रेघेवर येतं, तरी फोनला ते सोडवत नाही, जुन्या चाळीतला भाडेकरू जणू.

ओळखायचं कसं? वायफायच्या चिन्हाजवळ बारीकसं उद्गारचिन्ह किंवा फुली आहे का बघा. नसेल तरी ब्राउजरमध्ये एखादं पान उघडून बघा, जे आधी कधी उघडलेलं नाही असं. ते उघडलं नाही म्हणजे नेट नाही, व्हॉट्सअ‍ॅपचा दोष नाही. मग वरून पट्टी खाली ओढून वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटा चालू आहे ना एवढं पाहा. चॅट उघडी ठेवा. घड्याळाची टिक होते, बहुतेक वेळा तुम्ही फोन पिशवीत टाकायच्या आत. आणि घरी आल्यावर वायफायच्या यादीत त्या स्टेशनच्या नावावर जाऊन ते विसरायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रकारच नाही.

वायफाय नसतानाही घड्याळ अडत असेल तर मी क्रमाने इतकंच बघते. विमानाचं चिन्ह दाबून दहा सेकंदांनी परत बंद करायचं, म्हणजे फोन टॉवर नव्याने शोधतो. गर्दीच्या वेळी फलाटावर हे फार उपयोगी पडतं, कारण एकाच टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतात. मग रिचार्ज. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये डेटा संपला की नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. त्या वेगात शब्द कसेबसे सरकतात आणि फोटो जागच्या जागी फिरत राहतो. शब्द जातायत पण फोटो नाही अशी स्थिती असेल तर आधी इथेच बघा. त्यानंतर तारीख-वेळ. फोनचं घड्याळ एक-दोन दिवसांनी चुकलेलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप जोडायलाच नकार देतं. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घ्यायला लावली की मिटलं. जुना फोन पूर्ण उतरून पुन्हा चार्ज झाला की कधीकधी हे होतं.

एक प्रकार जरा लपलेला असतो. अ‍ॅप उघडं असताना सगळं जातं, पण फोन खिशात टाकला की घड्याळ तसंच राहतं आणि दोन तासांनी अ‍ॅप उघडल्यावर पटापट टिका पडतात. याचा अर्थ फोनची बॅटरी वाचवणारी किंवा डेटा वाचवणारी सोय व्हॉट्सअ‍ॅपला मागे चालू देत नाहीये. सेटिंग, अ‍ॅप्स, व्हॉट्सअ‍ॅप, मोबाइल डेटा असं आत जा. तिथे बॅकग्राउंड डेटा वापरायची परवानगी असते, ती चालू करा. त्याच पानावर बॅटरीचा पर्याय असतो, त्याची बंधनं काढा. एवढं झालं की रांगेतला संदेश अ‍ॅप न उघडताही जातो.

आणि कधीकधी खरंच त्यांच्याकडे बंद असतं. २५ ऑक्टोबर २०२२ आठवतो का? दिवाळीच्या दिवसांतली ती दुपार, त्या संध्याकाळी सूर्यग्रहणही होतं. दुपारी साधारण दोन तास व्हॉट्सअ‍ॅप जगभर ठप्प होतं आणि घरोघरी लोक राउटर बंद-चालू करत बसले होते. ब्राउजर चालतो, बाकी सगळी अ‍ॅप्स चालतात, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्याच चॅटमध्ये घड्याळ, आणि शेजारणीकडेही तेच, तर हात जोडून बसायचं. त्या दिवशी अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला गेलेल्यांचे हाल झाले, कारण सर्व्हर बंद असताना नंबरची पडताळणीही होत नाही.

आता फोटोवरची लाल खूण. घड्याळ म्हणजे ‘वाट बघतोय’, लाल म्हणजे ‘मी प्रयत्न सोडला’. फरक एवढाच, पण तो मोठा आहे, कारण लाल खूण असलेला संदेश नेट आल्यावरही आपणहून जात नाही. तुमचा मेनू म्हणूनच पाडव्यापासून तिथे आहे. फोनप्रमाणे ही खूण वेगवेगळी दिसते. कुठे गोलातलं लाल उद्गारचिन्ह असतं, कुठे फोटोवरच वर जाणारा बाण आणि Retry असा शब्द येतो. नेट नीट चालू असल्याची खात्री करा, आणि त्या खुणेवर किंवा त्या शब्दावर बोट लावा. पुन्हा पाठवायचा पर्याय येतो, तो निवडा. नवा फोटो टाकू नका, म्हणजे ग्रुपवर दोन मेनू दिसणार नाहीत.

दोन वेळा बोट लावूनही लालच राहिली तर फोनमधली जागा बघा. मेमरी काठोकाठ भरली असेल तर अ‍ॅपला फोटो तयार करून ठेवायलाच जागा मिळत नाही. एखादा जीबी मोकळा करा. तुमच्याकडे सुप्रभातचे व्हिडिओच तेवढे निघतील, नक्की. मात्र मोकळं करताना एक जपायचं. फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंत Sent नावाचा फोल्डर असतो, आणि ‘सफाई’ करणारी अ‍ॅप्स तो आनंदाने रिकामा करतात. तुमचा अडकलेला फोटो तिथेच पडलेला असतो. तो गेला की पुन्हा पाठवताना फाइल सापडत नाही असं सांगितलं जातं, आणि मग कितीही बोट लावा, उपयोग नाही. तसं झालं तर तो संदेश फक्त तुमच्यापुरता डिलीट करा आणि गॅलरीतून मेनू नव्याने टाका. पाडव्याचा मेनू आता पाठवायचा नसेलच, तेव्हा तुम्ही डिलीटच करा. चुकून बोट लागून महिन्याभराने श्रीखंडाची जाहिरात जायची.

फोटो गेला की नाही याची खात्री हवी असेल तर त्यावर बोट दाबून धरा आणि माहितीचा पर्याय उघडा. कोणाला पोचला, कोणी वाचला, वेळेसकट दिसतं. ग्रुपमध्ये दोन टिका यायला सगळ्यांच्या फोनवर पोचावा लागतो. एक काका गावी फोन बंद करून बसले असतील तरी एकच टिक राहते. तेवढ्यावरून परत पाठवायच्या फंदात पडू नका. न पोचलेला संदेश सर्व्हर ३० दिवस सांभाळून ठेवतो.

एसएमएसचं प्रकरण मात्र पूर्ण वेगळं आहे, आणि मला तुमच्या पत्रातलं तेच सगळ्यात आवडलं, कारण ‘तीसेक जणांना गेला’ या एका वाक्यात उत्तर आहे. साध्या एसएमएसला इंटरनेट लागत नाही, टॉवर लागतो. नेटवर्क ये-जा करत असतं तर अधूनमधून लाल खुणा पडल्या असत्या. पहिले सगळे गेले आणि एका ठिकाणापासून पुढचे सगळे अडले, म्हणजे कोटा संपला.

आपल्याकडच्या बहुतेक पॅकमध्ये रोजचे १०० एसएमएस मिळतात. तुम्ही म्हणाल, मी तर चाळीसच पाठवले. नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की तो ७० वर येतो. त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरं बसतात. शिवाय फोनचं मोजणं आपल्यासारखं नसतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला पायमोड, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘श्रीखंड’ हे आपल्याला तीन अक्षरांचं वाटतं, फोनच्या हिशेबी ते ७ आहे. नमस्काराने सुरू होऊन क्षमस्वने संपणारा सुट्टीचा निरोप सहज दीडशेच्या वर जातो, म्हणजे तीन तुकडे. समोरच्याला तो एकच दिसतो, पण कंपनी तीन मोजते. तेहेतीस गिऱ्हाइकांचे झाले ९९. चौतिसाव्याला तीन हवे होते, उरला होता एक. शंभरच्या पुढच्या प्रत्येक एसएमएसचे पैसे मेन बॅलन्समधून कापले जातात, आणि पॅक मारणाऱ्यांचा मेन बॅलन्स शून्यच असतो. म्हणून तिथून पुढे सगळं लाल.

त्या दिवशी परत परत बोट लावून काही होणार नव्हतं. उलट एखाद्या लांब संदेशाचे दोन तुकडे जाऊन तिसरा अडला, तर कोणाकोणाला अर्धवट निरोप पोचतो. कोटा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतो. लाल खूण असलेल्या संदेशावर तेव्हा बोट लावलं की तो जातो. फक्त तो पाठवण्याजोगा उरलाय का ते बघा. ‘उद्या बंद’ असं शनिवारी लिहिलेलं रविवारी गेलं तर सोमवारी डबाच कोणी मागणार नाही.

पुढच्या वेळी निरोप आखूड ठेवा. ‘रविवारी डबा बंद. सोमवारी चालू.’ हा फोनच्या मोजणीने ७० च्या आत बसतो. चाळीस जणांचे चाळीसच एसएमएस होतील आणि कोट्यात साठ शिल्लक राहतील. पाठवण्याआधी दोन सिमांचा फोन असेल तर बाणाजवळ कोणतं सिम दिसतंय तेही बघून घ्या. दुसरं सिम नुसतं ओटीपीसाठी ठेवलेलं आणि रिचार्ज संपलेलं असेल, तर पहिल्याच गिऱ्हाइकापासून लाल खुणा सुरू होतील.